टाइमलाइनमधला गोल फेरा कसा शोधायचा आणि कुठे तोडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅकरमध्ये कामं एकमेकांना बाणांनी जोडली की टाइमलाइन तारखा आपोआप लावते. पण ‘हे काम त्यानंतर’ असं म्हणत गेलेले बाण फिरून पहिल्याच कामावर आले, की सगळं दृश्य बिघडतं. खालची उत्तरं सोपी व्हावीत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: लातूर एमआयडीसीत डाळमिलची नवी लाइन बसवण्याचा आराखडा. तुरीची आवक डिसेंबर-जानेवारीपासून वाढू लागते. त्याआधी लाइन चालू व्हायची असेल तर टाइमलाइनवर दिसणारी तारीख खरी असावी लागते.

फेरा म्हणजे नेमकं काय? उदाहरणात तो कुठे आहे?

उदाहरणातली मुख्य कामं चार आहेत. `T11` म्हणजे मशीनवाल्याकडून येणारं ड्रॉइंग, ६ दिवस. `T12` म्हणजे मशीनचा पाया, १० दिवस. `T13` शेड उभारणी, १२ दिवस. `T14` जागेचं मोजमाप, १ दिवस.

बाण टाकताना प्रत्येकाने आपल्या बाजूने बरोबरच विचार केला. ड्रॉइंगशिवाय बोल्ट कुठे येणार हे कळत नाही, म्हणून `T11` नंतर `T12`. शेड उभी राहिल्यावर आत जेसीबी फिरत नाही, म्हणून पाया आधी, `T12` नंतर `T13`. मोजमाप शेड झाल्यावरच घेता येईल, म्हणून `T13` नंतर `T14`. आणि जागेची मापं हातात आल्याशिवाय मशीनवाला ड्रॉइंग देत नाही, म्हणून `T14` नंतर `T11`.

सुटा घेतला तर प्रत्येक बाण पटतो. चारही एकत्र धरले तर कोणतंच काम सुरू होऊ शकत नाही, कारण प्रत्येकाच्या आधी दुसरं कुठलं तरी काम उभं आहे. चारही जण आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे दोष कोणाचाच दिसत नाही, आणि म्हणूनच हा फेरा बैठकीत बसून सापडत नाही.

टाइमलाइनवर फेऱ्याची लक्षणं कोणती?

ती तुमचं साधन फेऱ्याला कसं वागवतं यावर ठरतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट फेरा पूर्ण करणारा शेवटचा बाण घेतच नाही, चेतावणी देऊन थांबतं. रेडमाइनही ‘आधी-नंतर’ नात्यात फेरा होत असेल तर नोंद नाकारतं. जिरामधल्या `blocks` या दुव्यांना मात्र अशी अट नाही. गोल फिरणारे दुवेही जतन होतात. त्यामुळे जिरात वर्षभर चाललेला आराखडा दुसऱ्या साधनात आयात करताना अचानक चुका दिसू लागतात. फेरा आधीपासून होताच, तपासणी पहिल्यांदा झाली इतकंच.

सगळ्यात फसवं वागणं म्हणजे नंतरच्या कामाची तारीख आपोआप पुढे ढकलणाऱ्या साधनाचं. ते `T11` च्या शेवटावरून `T12` सरकवतं, मग `T13`, मग `T14`, आणि `T14` मुळे पुन्हा `T11` सरकवायला निघतं. काही साधनं एका फेरीनंतर थांबतात, म्हणून प्रत्येक वेळी जतन केलं की पट्ट्या थोड्या उजवीकडे गेलेल्या दिसतात.

हे ओळखायची एक पक्की खूण आहे. एका कामाची सुरुवातीची तारीख लिहून ठेवा, काहीही न बदलता पुन्हा हिशेब करायला लावा आणि फरक मोजा. फेऱ्यातल्या कामांच्या दिवसांची बेरीज आणि हा फरक जुळला, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. आपल्या उदाहरणात ६ + १० + १२ + १ म्हणजे २९ दिवस. मोजताना कामाचे दिवस मोजा. रविवारची सुट्टी कॅलेंडरमध्ये असेल तर तारखांमधला फरक २९ पेक्षा जास्त दिसेल.

उजवीकडून डावीकडे उलटा जाणारा बाण, किंवा रिकामा दिसणारा क्रिटिकल पाथ, याही खुणा आहेत. मात्र उलटा बाण नुसत्या चुकीच्या तारखेमुळेही येतो. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

बाण शेकड्यांनी आहेत. डोळ्यांनी फेरा सापडत नाही. काय करायचं?

डोळ्यांनी शोधूच नका. ट्रॅकरमधून दुवे एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये उतरवून घ्या. दोनच रकाने लागतात: `A` मध्ये आधीचं काम, `B` मध्ये नंतरचं काम, पहिली ओळ शीर्षकासाठी सोडा, दुसऱ्या ओळीपासून एका ओळीत एक बाण. उदाहरणातली यादी अशी (`T10` जागा साफ करणं, `T15` मशीन बसवणं, `T16` चाचणी):

```
T10 T12
T11 T12
T12 T13
T13 T14
T14 T11
T12 T15
T13 T15
T15 T16
```

आता `C2` मध्ये हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(B:B,A2)
```

उत्तर ० आलं, तर त्या ओळीतल्या आधीच्या कामाच्या आधी काहीच नाही. ते काम फेऱ्यात असणं शक्य नाही. ती ओळ काढून टाका (अर्थात शीटची प्रत करून, मूळ यादीत नको). ओळ गेली की बाकीची उत्तरं बदलतात आणि नवी शून्यं येऊ शकतात, तीही काढा. शून्य येणं थांबेपर्यंत हेच करत राहायचं. उदाहरणात पहिल्याच खेपेला `T10 T12` ही ओळ जाते आणि पुढे एकही शून्य येत नाही.

मग दुसऱ्या टोकाकडून सोला. `D2` मध्ये:

```
=COUNTIF(A:A,B2)
```

इथे शून्य म्हणजे त्या ओळीतल्या नंतरच्या कामापुढे काही नाही. `T15 T16` जाते, त्यानंतर `T12 T15` आणि `T13 T15` जातात. उरतात चार ओळी, तोच आपला फेरा. आराखड्यात फेरे दोन असतील आणि एकातून दुसऱ्याकडे वाट जात असेल, तर ती मधली वाटही उरते, एवढं लक्षात ठेवा. काहीच उरलं नाही, तर या यादीत फेरा नाही.

हीच सोलण्याची पद्धत आर्थर कान यांनी १९६२ साली मोठ्या जाळ्यांसाठी मांडली होती, आणि आजही अनेक साधनं आतून हेच करतात. तिचा मोठा गुण असा की ती अंदाजावर चालत नाही. फेरा असेल तर उरणारच.

हे आपोआप होईल अशी एखादी आज्ञा आहे का?

लिनक्स किंवा मॅक असेल तर `tsort` आधीच बसवलेलं असतं. वरची यादी `links.txt` नावाने जतन करा आणि चालवा:

```
tsort links.txt
```

लिनक्सवर फेरा असेल तर `input contains a loop` असा संदेश आणि त्याखाली फेऱ्यातली कामं एकेका ओळीत येतात. फेरा नसेल तर सगळी कामं चालेल अशा क्रमाने छापली जातात. हा क्रम आराखडा तपासायलाही उपयोगी पडतो.

दोन ठिकाणी हे फसवतं. `tsort` मोकळ्या जागेवर शब्द तोडतं, त्यामुळे ‘मशीनचा पाया’ असं नाव दिलं तर त्याला दोन कामं दिसतात. म्हणून नावं नकोत, क्रमांकच द्या. दुसरं, `T12 T12` अशी ओळ म्हणजे काम स्वतःलाच अडवतंय, पण `tsort` तिचा अर्थ ‘हे काम यादीत आहे’ एवढाच घेतं आणि चूक सांगत नाही. स्वतःला जोडलेली कामं शीटमध्ये `=A2=B2` ने वेगळी तपासा.

यादी स्वच्छ निघाली, तरी टाइमलाइन सरकतेच. का?

बहुतेक वेळा फेरा मुख्य काम आणि उपकामं यांच्यामध्ये लपलेला असतो. दुव्यांच्या यादीत तो दिसत नाही, कारण ‘हे त्याचं उपकाम आहे’ हे नातं दुवा म्हणून उतरत नाही.

आपल्या आराखड्यात ‘वीज’ हे मुख्य काम आहे, `P20`. त्याखाली `T21` मोटरींची यादी, `T22` महावितरणकडे लोडचा अर्ज, `T23` केबल टाकणं. मशीनवाल्याला ड्रॉइंगसाठी मोटरींची यादी लागते, म्हणून `T21` नंतर `T11`. ड्रॉइंगवरून एकूण लोड ठरतो, म्हणून कोणीतरी `T11` नंतर `P20` असा बाण टाकला. दोनच बाण आहेत आणि त्यांत फेरा दिसत नाही. पण मुख्य कामावर टाकलेला बाण त्याखालच्या प्रत्येक उपकामाला लागू होतो. म्हणजे `T11` झाल्याशिवाय `T21` सुरू होणार नाही, आणि `T21` झाल्याशिवाय `T11`.

तपासताना मुख्य कामाचे दोन बिंदू करा: सुरुवात `P20s` आणि शेवट `P20e`. प्रत्येक उपकाम या दोहोंच्या मध्ये बसवा. मुख्य कामात येणारा बाण `P20s` कडे न्या, त्यातून निघणारा `P20e` पासून काढा.

```
P20s T21
T21 P20e
P20s T22
T22 P20e
P20s T23
T23 P20e
T21 T11
T11 P20s
```

ही यादी `tsort` ला दिली की फेरा लगेच बाहेर येतो. दुरुस्ती एका बाणाची आहे: `T11` चा बाण `P20` वरून काढून `T22` वर लावायचा, कारण ड्रॉइंगची गरज फक्त लोडच्या अर्जाला होती.

आमचा आग्रह इथे स्पष्ट आहे: मुख्य कामांना बाण जोडूच नका. ज्या उपकामाला खरी गरज आहे त्यालाच जोडा. पाच मिनिटं जास्त जातात, पण असे लपलेले फेरे तयारच होत नाहीत.

फेरा सापडला. आता कोणता बाण काढायचा?

सर्वात नवा बाण काढण्याचा मोह होतो, कारण तो काढला की तक्रार थांबते. पण नवा बाण बरेचदा खरा असतो आणि जुन्यांपैकी एखादा ढिला असतो. बाण टाकल्याची तारीख काही सिद्ध करत नाही.

त्याऐवजी फेऱ्यातल्या प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून काढा: आधीच्या कामातली नेमकी कोणती वस्तू, माहिती किंवा परवानगी हातात नसेल तर पुढचं काम सुरू करता येत नाही? उत्तरात एखादं नाम आलं पाहिजे. ‘मोजमापाशिवाय ड्रॉइंग होत नाही’ हे उत्तर अपुरं आहे. ‘दोन खांबांमधलं अंतर आणि तुळईची उंची कळल्याशिवाय ड्रॉइंग पक्कं होत नाही’ हे चालेल.

उत्तर सुचलंच नाही तर तो बाण क्रमाचा नव्हता, नुसता संबंध दाखवण्यासाठी टाकला होता. तो `relates to` सारख्या साध्या दुव्यात बदला. उत्तर उलट्या दिशेचं निघालं तर `blocks` आणि `is blocked by` यांची अदलाबदल झाली आहे. दोनच कामांचा फेरा दिसला की आधी हीच शक्यता पाहा: एकाने या बाजूने आणि दुसऱ्याने त्या बाजूने तोच बाण टाकलेला असतो, फक्त दिशा उलटी. आणि जिथे उत्तर आधीच्या कामाच्या एखाद्या भागापुरतंच असतं, तिथे बाण काढायचा नसतो. काम फोडायचं असतं.

काम फोडायचं म्हणजे कसं? उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

चारही बाणांची उत्तरं लिहू.

पायासाठी ड्रॉइंगमधल्या बोल्टच्या जागा लागतात, पण त्या काँक्रीट ओतताना. खड्डा खोदायला मशीनची लांबी-रुंदी, वजन आणि पायाची खोली पुरते. शेडच्या आधी पाया हवा असं म्हटलं, त्यात खरी गरज खोदकामाची आहे, कारण प्रश्न जेसीबीच्या वाटेचा होता. मोजमापाला शेड हवी म्हटलं, पण मापायचे ते खांब. छत नसलं तरी चालतं. ड्रॉइंगला मोजमाप हवं, तेही फक्त पक्क्या ड्रॉइंगला.

म्हणजे तीन कामं फुटतात. `T11` चे दोन भाग होतात: `T11a` प्राथमिक ड्रॉइंग २ दिवस, `T11b` पक्कं ड्रॉइंग ४ दिवस. `T12` मधून `T12a` खोदकाम ३ दिवस आणि `T12b` काँक्रीट व बोल्ट ७ दिवस. `T13` मधून `T13a` खांब ५ दिवस आणि `T13b` छत ७ दिवस. `T14` तसंच राहतं. एकूण दिवस २९च. कुठलंही काम लहान केलेलं नाही.

नवे बाण:

```
T11a T12a
T12a T13a
T13a T14
T14 T11b
T11b T12b
T13a T13b
```

मुख्य वाट २ + ३ + ५ + १ + ४ + ७ म्हणजे २२ दिवसांची होते. छत त्याच वेळात बाजूला चालू राहतं आणि १७व्या दिवशी संपतं. `T10` चा बाण आता `T12a` वर येईल, कारण साफ जागा खोदकामाला लागते. `T15` ला मात्र `T12b` आणि `T13b` दोन्ही लागतात.

पायावर मशीन ठेवण्याआधी काँक्रीटला पाणी मारण्याचे दिवस हवेत. साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस धरतात. मशीनचा भार केव्हा द्यायचा ते अभियंता ठरवेल. हे दिवस `T12b` च्या कालावधीत मिसळू नका. `T12b` आणि `T15` मधल्या बाणावर ‘लॅग’ म्हणून टाका. मिसळले तर गवंडी आठवडाभर कामावर असल्याचं दिसतं आणि माणसांचं वाटप चुकतं.

खड्डा उघडा असताना शेजारी खांब उभे राहतात, हा या क्रमाचा धोका आहे. खड्ड्याच्या कडेपासून खांबाच्या पायापर्यंतचं अंतर अभियंत्याकडून तपासून घेणं, हे `T13a` च्या आधीचं वेगळं काम म्हणून नोंदवा. फोडाफोड केल्यावर असा नवा धोका तयार झाला का, हे दर वेळी पाहावंच लागतं.

कामाचे भाग पडतच नसतील तर?

मग एका बाजूने अंदाज धरून पुढे जायचं आणि तो अंदाज तपासण्याचं काम आराखड्यात लिहायचं. पायाच्या बाबतीत याची रुळलेली पद्धत आहे: बोल्टच्या जागी काँक्रीटमध्ये चौकोनी पॉकेट सोडायची आणि मशीन आल्यावर बोल्ट लावून त्यात ग्राउट भरायचं. बोल्टची जागा थोडी इकडेतिकडे झाली तरी पॉकेटमध्ये सामावते, म्हणून काँक्रीट पक्क्या ड्रॉइंगची वाट पाहत नाही.

ट्रॅकरमध्ये यासाठी ‘गृहीत मापांवर पाया’ आणि ‘पक्क्या ड्रॉइंगशी माप जुळवणं’ अशी दोन कामं ठेवा. दुसऱ्याचा बाण मशीन बसवण्यावर लावा, पायावर परत नेऊ नका. माप जुळलं नाही तर दुरुस्तीचं नवं काम उघडायचं. जुन्या कामाकडे मागे बाण टाकला की फेरा पुन्हा तयार झालाच. तपासणीत नापास, दुरुस्ती, पुन्हा तपासणी अशा कामांतही हाच नियम: दुसरी तपासणी हे नव्या क्रमांकाचं काम असतं.

दोन कामं खरोखरच एकमेकांत गुंतलेली असतात. तेही चूकच का?

नाही. समजा केबल टाकणं चालू असताना मधेच चर बुजवायचा आहे. चर बुजवणं केबलच्या आधी सुरू होऊ शकत नाही, आणि चर बुजल्याशिवाय केबलचं काम संपलं म्हणता येत नाही. एक बाण सुरुवातीकडून सुरुवातीकडे, दुसरा शेवटाकडून शेवटाकडे. सुरुवात आणि शेवट हे वेगळे बिंदू मानले तर यात फेरा नाही: केबल सुरू, चर सुरू, चर पूर्ण, केबल पूर्ण.

पण बरीच साधनं फक्त कामं पाहतात, बिंदू पाहत नाहीत. त्यांना एक बाण जाताना आणि एक येताना दिसतो आणि ती नकार देतात. अशा वेळी केबलचं काम ‘टाकणं’ आणि ‘तपासून सुपूर्द करणं’ असं तोडा. ‘टाकणं’पासून चर बुजवण्याकडे सुरुवात-ते-सुरुवात बाण न्या, आणि ‘टाकणं’ व चर बुजवणं या दोन्हींपासून सुपूर्द करण्याकडे साधा शेवट-ते-सुरुवात बाण.

फेरा तोडला, `tsort` ही स्वच्छ. तरी तारखा सहा महिने पुढेच दिसतात. आता काय?

आधीच्या ढकलाढकलीत सरकलेल्या तारखा तशाच राहिल्या आहेत. स्वयंचलित ढकल बरेचदा एकाच दिशेने चालते: आधीचं काम उशिरा संपलं तर पुढचं पुढे जातं, पण मोकळी जागा झाली म्हणून मागे येतंच असं नाही. शिवाय वैतागून कोणी पट्टी हाताने ओढली असेल, तर काही साधनांत तिथे ‘या तारखेआधी नको’ अशी अट बसते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये ती `Start No Earlier Than` नावाने दिसते.

अटींचा रकाना उघडा. करारातल्या किंवा महावितरणने कळवलेल्या खऱ्या तारखांच्या अटी ठेवा, बाकीच्या `As Soon As Possible` वर आणा. मग ज्या कामाआधी काहीच नाही त्याची तारीख हाताने बरोबर करा. उदाहरणात `T10` आणि `T21` ही अशी कामं आहेत. त्यांच्यापासून पुढे हिशेब लावायला सांगा. साधन मागे खेचतच नसेल, तर न सुरू झालेल्या कामांच्या तारखा रिकाम्या करून पुन्हा लावायला द्या. सुरू झालेल्या आणि संपलेल्या कामांच्या प्रत्यक्ष तारखांना हात लावू नका.

शेवटी हिशेब दोनदा करायला लावा. दोन्ही वेळा `T12b` ची शेवटची तारीख तीच आली, तर टाइमलाइन स्थिर झाली आहे. नाही आली, तर फरक मोजा आणि ज्या कामांच्या दिवसांची बेरीज तेवढी होते ती शोधा. दुसरा फेरा त्यांच्यातच असतो.